"सकाळची गोळी राहिली. आता घेतली तर चालेल का?"

आषाढी एकादशीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीचा एवढाच मेसेज आला. औषधाचं नाव नाही, कशासाठी तेही नाही. पाच मिनिटांत तीन उत्तरं आली. एका वहिनीने लिहिलं, "घ्या, काही होत नाही. मी तर कधीकधी दुपारीही घेते."

वहिनी खोटं बोलत नव्हती. तिची गोळी थायरॉईडची. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा-पाऊण तास चहा-नाश्ता नाही, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. हे सगळं औषध नीट शोषलं जावं म्हणून. पण ते शरीरात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एखाद दिवशी उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही. वहिनीने तिच्या गोळीचं उत्तर मावशीच्या गोळीला दिलं.

मी मेडिकलमध्ये बसते, बी.फार्म. करून एकोणीस वर्षं झाली. मी मावशीला फोन लावला आणि म्हटलं, "पाकिटावरचं नाव वाच."

"अगं, ती शुगरची. छोटी."

शुगरची म्हणजे कुठली? नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ते जेवणासोबत घ्यायचं ते मुख्यतः पोट बिघडू नये म्हणून. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक उतरणं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइड असेल तर गोष्ट वेगळी. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. म्हणून ते नाश्त्याच्या किंवा पहिल्या मोठ्या जेवणाच्या सुमारास देतात. आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीतही मिळतात. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात, आणि आत काय आहे ते मुंगीच्या अक्षरात. मावशीने तर पाकीट कात्रीने कापून गोळ्या डबीत भरलेल्या. नाव गेलं कचऱ्यात. ("मावतच नाही गं डबीत.") शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला लावली. ग्लिमेपिराइड, २ मिलिग्रॅम, रोज नाश्त्याबरोबर.

मग पुढचे प्रश्न. खाल्लंस काय? "एकादशी ना आज. बिनसाखरेचा चहा. आता रात्रीच फराळ." वय मला माहीत होतं, ७६. मूत्रपिंडाचा रिपोर्ट? "डॉक्टर म्हणाले थोडं जास्त आलंय, पाणी पीत जा." ते 'थोडं जास्त' म्हणजे क्रिएटिनिन. मूत्रपिंड मंदावलं की या औषधाचा परिणाम लांबू शकतो, आणि उतारवयात साखर उतरल्याचं लवकर कळतही नाही. त्यात अकरा वाजता गोळी आणि रात्रीपर्यंत पोटात काही नाही! "काही होत नाही" म्हणणाऱ्यांपैकी कोणीही उपवासाचं विचारलं नव्हतं. एकादशी सगळ्यांच्याच घरी होती.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, आजची गोळी सोडा, साखर तपासा, निरंकार राहू नका, उद्या नेहमीसारखी नाश्त्याबरोबर घ्या, आणि आजची भरपाई म्हणून उद्या दोन घेऊ नका. तिच्या मशीनवर तेव्हा १३२ आली. हे उत्तर मावशीचं आहे. तुमच्या आईला हे वाचून गोळी सोडायला सांगू नका. ती इन्सुलिनवर असेल तर सगळंच गणित वेगळं.

चुकून घेतलीच असती तर? घाम, हाताला थरथर, छातीत धडधड, अचानक चिडचिड. वयस्कर माणूस नुसतं असंबद्ध बोलू लागतं, घरचे म्हणतात "उपवासाने गळून गेलीय" आणि झोपवतात. झोपवायचं नाही, साखर तपासायची. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि या औषधाने उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवायचं.

काउंटरवर रोज कोणीतरी वैतागतं. "एवढं साधं विचारलं, तर पोलिसांसारखी चौकशी!" मान्य, मागे चारजण उभे असतात, मलाही घाई असते. पण कोणासाठी, कुठली, कशावर, खाणं झालं का, बाकी काय चालू आहे, हे विचारायला मिनिटभर लागतं. त्याआधी दिलेलं उत्तर म्हणजे मटका.

मावशी आता प्रश्नाबरोबर पाकिटाचा फोटो पाठवते. परवाचाही आला. नावावर बरोबर अंगठा.