मांडीमागचा ताठरपणा रोज ताणूनही का सुटत नाही?

“हॅमस्ट्रिंग टाइट आहेत म्हणजे ते आखूड झालेत. रोज ताणा, पोटरीत झिणझिण्या आल्या तरी सोडू नका. आधी पाय मोकळे करा, ताकदीचा व्यायाम नंतर.”

मांडीमागच्या स्नायूंबद्दल, म्हणजे हॅमस्ट्रिंगबद्दल, असा सल्ला सर्रास ऐकू येतो. यातला पहिलाच मुद्दा कच्चा आहे. ताठ वाटणं ही एक जाणीव आहे, तिच्यावरून स्नायूची लांबी कळत नाही. पाठीवर झोपून पाय सहज काटकोनापर्यंत उचलणाऱ्यांनाही मांडीमागे सतत ओढ जाणवू शकते. काही आठवडे ताणल्यावर वाकणं वाढतं, पण त्यात स्नायू लांब होण्यापेक्षा ताण सोसण्याची सवय वाढण्याचा वाटा मोठा असतो. वेप्लर आणि मॅग्नुसन यांनी 2010 मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन हेच मांडलं होतं. म्हणून व्यायामानंतर तासभर बरं वाटतं आणि संध्याकाळी ताठरपणा परत येतो, यात नवल नाही. ओढ कशामुळे लागते, ते कारण तसंच राहिलेलं असतं.

दुसरा मुद्दा सरळ नुकसान करू शकतो. हॅमस्ट्रिंग बसण्याच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या जरा खाली संपतात. त्यांच्याच जवळून सायटिक नर्व्ह खाली उतरते आणि तिच्या शाखा पावलापर्यंत जातात. ताणताना पोटरीत किंवा तळव्यात झिणझिण्या, जळजळ, बधिरपणा आला, तर बहुतेक वेळा ही नस कुरकुर करते आहे. चिडलेली नस मिनिटभर ताणून धरली की ती आणखी चिडते, आणि तिला जपण्यासाठी मांडीचे स्नायू उलट जास्त आवळतात.

हे घरी पाहता येतं. खुर्चीवर बसा, पाठीला पोक काढा, हनुवटी छातीकडे न्या. पाऊल आपल्याकडे ओढून गुडघा सावकाश सरळ करा आणि नेहमीची ओढ आली की तिथेच थांबा. आता बाकी काही न हलवता फक्त मान वर करा. ओढ लगेच कमी झाली, गुडघा आणखी सरळ झाला, तर त्यात नसेचा भाग आहे, कारण मानेच्या हालचालीने हॅमस्ट्रिंगची लांबी बदलत नाही. थोडी ओढ निरोगी माणसालाही लागते. त्यामुळे दोन्ही पाय तपासा, आणि येणारी ओढ तुमच्या रोजच्या तक्रारीसारखीच आहे का, ते बघा.

तसं असेल तर जोरात ताणणं थांबवा आणि नस फक्त सरकवा. ताठ बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा दुमडताना मान खाली. शेवटी धरून ठेवायचं नाही. दहा-बारा वेळा, दिवसातून दोनदा पुरे. झिणझिण्या नंतरही रेंगाळल्या तर हालचाल लहान करा.

तिसऱ्या मुद्द्यातला क्रम मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण अनेकांचा इलाज नेमका त्या ‘नंतर’मध्ये अडकून पडतो. एक उदाहरण घ्या. तिशीतला धावणारा माणूस, डावी मांडी कायम ताठ. मान हलवून ओढीत फरक पडत नाही, झिणझिण्या नाहीत. त्याला पाठीवर झोपवून, टाच जरा लांब ठेवून, एका पायावर ब्रिज, म्हणजे टाच दाबून नितंब वर उचलण्याचा व्यायाम, करायला सांगितला. उजवीकडे वीस सहज झाले. डावीकडे आठव्यालाच मांडीत गोळा आला आणि कंबर एका बाजूला झुकली. हा पाय धावताना लवकर थकतो, आणि थकलेला स्नायू ताठ वाटतो. त्याला आणखी ताणून ताकद येणार नाही.

त्याच्यासाठी आठवड्यात तीन दिवस: आधी दोन्ही पायांवर, टाचा लांब ठेवून ब्रिज, मग एका पायावर. तो जमला की हातात वजन घेऊन, गुडघे किंचित वाकवून, नितंब मागे ढकलत पुढे झुकायचं, म्हणजे जिममध्ये म्हणतात तो रोमानियन डेडलिफ्ट. खाली जायला तीन-चार सेकंद, आठचे तीन सेट. लांब होत असताना भार पेललेला स्नायू बळकटही होतो आणि लवचीकही. वेगळ्या ताणाची गरज बऱ्याचदा उरत नाही. पण यासाठी आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पहिल्या आठवड्यात मांडी दुखून येईल. ते दुखणं दोन दिवसांत ओसरलं पाहिजे, नाहीतर वजन कमी करा.

दुखणं नेमकं बसण्याच्या हाडावर असेल आणि फार वेळ बसल्यावर वाढत असेल, तर स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायूबंधाची तक्रार असू शकते. पुढे खोल वाकताना तो हाडावर दाबला जातो, म्हणून तिथे पश्चिमोत्तानासन काही काळ बंद ठेवलेलं बरं. डेडलिफ्टही सुरुवातीला नको, आधी ब्रिजच.

पाऊल उचलता येईनासं झालं किंवा पायाची ताकद कमी होत चालली, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.