दोरी गायब करणारा तो ‘धूळ काढा’ फॉरवर्ड

“जुन्या घरगुती सिने फिल्मच्या स्कॅनवर धूळ, केस, चरे आहेत? फिल्म पुसायची काहीही गरज नाही, स्कॅनही कसाही चालेल. फक्त ही एक फुकट कमांड चालवा, सगळं साफ. बारीक ठिपके उरले तर वरून डिस्पेकल मारा. मग मूळ स्कॅन डिलीट करा, रिळं टाकून द्या, जागा मोकळी.”

```
ffmpeg -i scan.avi -vf tmedian=radius=2 out.mp4
```

हे तीन वेगवेगळ्या लोकांकडून माझ्याकडे आलं तेव्हा मी सोडून दिलं होतं, पण परवा मामाने फोन करून विचारलं, “अरे, दोरी कुठे गेली रे?” त्याच्या सुपर ८ च्या, म्हणजे ८ मिलिमीटरच्या घरगुती सिने फिल्मच्या, रिळात मावशी सात-आठ वर्षांची असताना दोरीवरच्या उड्या मारतेय असा शॉट आहे, मामाने वरची कमांड चालवली, आणि आता मावशी नुसतीच हात फिरवत उड्या मारतेय, हातात काही नाही, बुटं पण मधेच अर्धी विरघळल्यासारखी. मूळ स्कॅन डिलीट करून झाला होता. रिळं पिशवीत भरून दाराशी ठेवलेली, ती तेवढी वाचली, म्हणून आता शांतपणे लिहू शकतोय, नाहीतर हा लेख वेगळ्या भाषेत असता.

आधी ही कमांड काय करते ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एफएफएमपेग म्हणजे ही कमांड चालवणारा फुकट व्हिडिओ प्रोग्रॅम, त्याच्या अधिकृत माहितीपानावर `tmedian` बद्दल जे एक वाक्य आहे त्याचा अर्थ एवढाच की लागोपाठच्या काही फ्रेममधून मधल्या किमतीचा पिक्सेल उचलणे. बस. धूळ, केस, चरा हा शब्दसुद्धा तिथे नाही. फिल्टरला धूळ म्हणजे काय हे माहीतच नाही, तो फक्त त्याच जागेवरच्या पिक्सेलच्या किमती ओळीत लावतो आणि मधली घेतो, हाच मीडियन. `radius=2` म्हणजे ही फ्रेम, आधीच्या दोन, नंतरच्या दोन, अशा पाच.

आता मामाच्या शॉटमधली मागची भिंत घ्या. भिंतीची चमक, ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरून, साधारण १५०. एका फ्रेमवर धुळीचा कण बसलाय, घरगुती फिल्म बहुतेक रिव्हर्सल असते म्हणजे जी कॅमेऱ्यात टाकली तीच पडद्यावर दाखवायची, त्यामुळे धूळ प्रकाश अडवते आणि काळी दिसते. तर पाच फ्रेमच्या किमती येतात १५०, १५१, २०, १४९, १५०. ओळीत लावा, मधली १५०. कण गेला, मागची भिंत परत आली, आणि ती खरी भिंत आहे, शेजारच्या फ्रेममधून आलेली. हे छानच काम आहे, मान्य. कॅमेरा स्टँडवर आहे, समोर फारसं हलत नाही आणि कण एकाच फ्रेमवर आहे, तर मीडियनच्या जवळपास जाणारं सोपं दुसरं काही नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक असाच एखादा शॉट बघून आनंदाने लिहिलं असणार.

आता त्याच भिंतीसमोरून दोरी जातेय. सुपर ८ साधारण १८ फ्रेम प्रति सेकंद, मुलगी सेकंदाला दोन फेरे मारतेय असं धरलं तर एका फेऱ्याला ९ फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला दोरी ४० अंश पुढे. कुठल्याही एका पिक्सेलवर दोरी एकाच फ्रेमपुरती येते. किमती: १५०, १५१, ४८, १४९, १५०. मधली? १५०. दोरी गेली. फिल्टरच्या दृष्टीने दोरी आणि धूळ यात काडीचा फरक नाही, दोन्ही ‘एका फ्रेमपुरतं आलं आणि गेलं’ याच खात्यात. पाच फ्रेम म्हणजे सेकंदाचा पावभाग, त्यात तीन फ्रेमपेक्षा कमी वेळ एका जागी जे टिकलं ते सगळं उडतं: फेकलेला चेंडू, उडता पक्षी, पाण्यावरची चमक, टाळी वाजवणारे हात, पटकन झालेली डोळ्यांची उघडझाप सुद्धा. कॅमेरा हातात धरून फिरवला असेल तर अख्खं चित्रच हलतं, मग सगळ्या कडा पुसट होतात.

आणि केस! हा तर कळसच आहे. केस जाईल असं ठोकून दिलंय. अहो, घरगुती फिल्ममधे जो केस डोळ्यात खुपतो तो कॅमेऱ्याच्या गेटमधे, म्हणजे फिल्मसमोरच्या चौकटीत, अडकलेला असतो, फ्रेमच्या कडेतून आत डोकावणारा काळा वाकडा तुकडा, आणि तो शंभर-दोनशे फ्रेम तिथेच बसतो. त्याच्या पाच किमती बघा: ३१, ३०, ३०, ३२, ३०. मधली ३०. म्हणजे केस जसाच्या तसा, उलट ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, गेल्यामुळे जास्तच स्वच्छ, ठळक. मामाच्या आउटपुटमधे हेच झालं, दोरी गेली आणि केस राहिला. हसावं की रडावं. उभ्या लांब चऱ्यांचं पण तेच, प्रोजेक्टरमधे घासून आलेली रेघ शेकडो फ्रेम साधारण त्याच जागी चालत राहते, मीडियन तिला चित्राचाच भाग समजतो. त्यासाठी एव्हिसिंथ या स्क्रिप्ट लिहून व्हिडिओ सुधारायच्या फुकट प्रोग्रॅमचं `DeScratch` वेगळं आहे, ते बारीक उभी रेघ शोधून डाव्या-उजव्या पिक्सेलवरून भरतं (आणि खांब किंवा दाराची कड दिसली तर तीही भरून टाकतं, लक्ष ठेवावं लागतं). इमल्शनच्या, म्हणजे चित्र असलेल्या थराच्या, बाजूने खोल चरा असेल तर तिथलं चित्र खरवडून गेलेलंच आहे, ते परत येत नाही, आजूबाजूवरून अंदाजच लागतो.

`radius=2` च का, १ का नाही, यातही एक गंमत आहे. बऱ्याच ठिकाणी स्कॅन करून देताना १८ चे २५ फ्रेम करून देतात आणि त्यासाठी दर १८ पैकी ७ फ्रेम दोनदा घालतात. त्या फ्रेमवर कण असेल तर तो दोन फ्रेम दिसतो, मग तीन फ्रेमच्या मीडियनमधे त्याचंच बहुमत होतं आणि तो टिकतो. जवळजवळ ४० टक्के फ्रेमवर हे होतं. मग माणूस म्हणतो १ ने नीट होत नाही, २ करू. दोन केलं की हे दोनदा आलेले कण जातात आणि सोबत निम्म्या हालचाली पण जातात. रोग फ्रेम दुप्पट करण्यात आहे. फाइल एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा, मधूनमधून चित्र अजिबात हललं नाही असं दिसलं तर तुमची फाइल अशीच आहे, स्कॅन करणाऱ्याकडून मूळ, फिल्मची एक फ्रेम म्हणजे फाइलची एक फ्रेम अशी मागून घ्या. ‘स्कॅन कसाही चालेल’ला एवढं उत्तर पुरे.

डिस्पेकलबद्दल थोडक्यात. ते एकाच फ्रेममधे शेजारच्या पिक्सेलचा मीडियन घेतं, बहुतेक ३×३. सुपर ८ ची फ्रेम साधारण ४ मिलिमीटर उंच, ती १०८० ओळींत स्कॅन केली तर एक पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. ५० मायक्रॉनचा कण म्हणजे १३ पिक्सेल रुंद. ३×३ ची खिडकी त्या कणाच्या पोटात बुडून जाते, तिला सगळीकडे काळंच दिसतं. कण घालवायचा तर १७×१७ ची खिडकी लागेल, आणि ग्रुप शॉटमधे अख्खा चेहरा ४० पिक्सेलचा असतो. तेव्हा डिस्पेकलने जातं काय, तर ग्रेन आणि डोळ्यातली चमक. चेहरे मेणाचे होतात ते यामुळे.

फिल्म न पुसण्याबद्दल: सुटी धूळ ब्लोअरने आणि लिंट न सुटणाऱ्या मऊ कापडाने स्कॅनआधीच काढायची, दाबून घासायची नाही, नाहीतर तोच कण नवा चरा पाडतो. जो कण स्कॅनमधे आलाच नाही त्याच्यासाठी कुठलाच फिल्टर लागत नाही. बेसच्या, म्हणजे चित्र नसलेल्या प्लास्टिकच्या, बाजूचे चरे वेट गेटमधे, म्हणजे फिल्म द्रवात बुडवून स्कॅन केली की बरेचसे दिसेनासे होतात, कारण द्रव त्या खाचा भरतो आणि प्रकाश विखुरत नाही.

मामाचं रीळ परत स्कॅन करून मग काय केलं ते सांगतो. एव्हिसिंथमधे `SpotLess` वापरलं, ते आधी शेजारच्या फ्रेम हालचाल मोजून या फ्रेमवर जुळवून आणतं आणि मगच मीडियन घेतं, त्यामुळे चालणारी माणसं, फिरणारा कॅमेरा शाबूत राहतो. पण दोरीसारखी झर्रकन जाणारी गोष्ट त्यालाही पकडता येत नाही, तीही जातेच. म्हणून तेवढा शॉट मूळचाच ठेवला:

```
a = FFVideoSource("scan.avi")
b = a.SpotLess(RadT=1)
b.Trim(0,1411) ++ a.Trim(1412,1565) ++ b.Trim(1566,0)
```

कुठले शॉट असे वगळायचे हे कळायला एडिटरमधे मूळ आणि साफ केलेली फाइल एकावर एक ठेवून वरच्या लेयरचा मोड Difference करा, फ्रेम मागेपुढे झाल्या असतील तर जुळवून घ्या. काळ्या पडद्यावर नुसते ठिपके आणि हलकं ग्रेन लुकलुकताना दिसलं तर ठीक. हाताची, चेहऱ्याची कड दिसायला लागली की समजायचं फिल्टर चित्र खातोय. मामाला त्यात दोरीचा अख्खा गोल फिरताना दिसला, तेव्हा कुठे त्याला पटलं. वगळलेल्या १५४ फ्रेममधले मोठे कण मी हाताने पेंट केले, दोन संध्याकाळी गेल्या, लहान तसेच ठेवले.

राहिला केस. तो कॅमेऱ्यातला की स्कॅनरमधला हे बघायला तीच वीस-पंचवीस फ्रेम परत एकदा स्कॅन करायची, स्कॅनरचं गेट पुसून. जागा बदलली किंवा गेला तर स्कॅनरमधला. मामाचा तिथेच होता, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळचाच, फिल्मवर छापला गेलेला. डाव्या कडेला होता म्हणून तेवढ्या शॉटची कड ३ टक्के कापली आणि विषय संपवला. न कापलेला पूर्ण स्कॅन वेगळ्या डिस्कवर आहे, आणि रिळं दारातून परत कपाटात.