पंचमातला गुरू कसा वाचावा

मुलाकडच्यांनी स्थळाची पत्रिका हाती पडताच छत्तीस गुणांच्या बेरजेत वेळ दवडू नये. सरळ पंचम स्थानावर बोट ठेवावे, कारण संतती पाहायची ती तिथे, आणि तिचा कारक गुरू. हे दोन्ही पत्रिकांत पाहायचे असते, असे गुरुजी सांगतील. तेव्हा मान डोलवावी आणि मुलाची पत्रिका कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहू द्यावी.

समजा, मुलगी 1997 सालची, कन्या लग्नाची आहे. त्या वर्षभर गुरू मकरेत, म्हणजे आपल्या नीच राशीत होता, आणि कन्या लग्नाला पाचवे घर मकरेचेच येते. येथे 'कारको भावनाशाय' हे वचन हळू आवाजात म्हणावे: कारक स्वतःच्याच स्थानी बसला की त्या स्थानाचे फळ बिघडवतो. दुर्दैवाने आपला मुलगाही 1995 च्या मे महिन्यातला, कर्क लग्नाचा. त्याच्याही पंचमात गुरूच बसला आहे, आणि वचन काही वरपक्ष-वधूपक्ष पाहून लिहिलेले नाही. अशा वेळी वचन विसरून 'गुरू मित्राच्या राशीत, वृश्चिकेत आहे, वंश वाढणार' एवढेच बोलावे.

मात्र मुलगी एकुलती असेल आणि तिच्या वडिलांचे दोन फ्लॅट असतील, तर गुरुजींना पत्रिका पुन्हा उघडायला लावावी. 1997 मध्ये शनी मीनेत होता, म्हणजे गुरू शनीच्या घरी आणि शनी गुरूच्या घरी. शिवाय नीच राशीचा स्वामी शनी लग्नापासून सातव्यात, केंद्रात आहे. म्हणून नीचभंग आणि परिवर्तन असे दोन्ही योग निघतात. ते पहिल्या दिवशीही तिथेच होते, पण तेव्हा फ्लॅटचा विषय निघाला नव्हता.

लग्नाला चौदा महिने झाले आणि पाळणा हलला नाही, तर सुनेच्या तर्जनीत पुष्कराज घालावा, तिला गुरुवार धरायला लावावेत आणि त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीचे तीन दिवस ठरवावेत. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास डॉक्टर दोघांनाही तपासायला बोलावतात, आणि नवऱ्याच्या वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचे पथ्य व एक छोटी डबी एवढेच लागते. पण सून सोनोग्राफीसाठी पोट भरून पाणी पिऊन बाकावर बसलेली असताना आपल्या मुलाला तसली डबी हातात द्यायची म्हणजे फारच झाले. तो बाहेर गाडी लावून येतो आहे, असे नर्सला सांगावे. त्याचा गुरू मित्रराशीत आहे, हे तिला समजावून सांगण्यात अर्थ नाही.