जाड क्रेमा ही अरेबिकाची खूण नव्हे

«कॉफी घेताना पाकिटावर ‘१०० टक्के अरेबिका’ लिहिलंय का तेवढं बघा. रोबस्टा म्हणजे स्वस्तातली भेसळ, नुसती कडू. खरी अरेबिका ओळखायची खूण म्हणजे एस्प्रेसोवरचा जाड क्रेमा. आणि कॅफीन हवं असेल तर काळी कुळकुळीत भाजलेली घ्या, तिच्यात सगळ्यात जास्त.»

असा सल्ला कानावर येतो. त्यातले अरेबिका आणि रोबस्टा म्हणजे कॉफीच्या झाडाच्या दोन जाती, आणि क्रेमा म्हणजे एस्प्रेसोवर येणारा तपकिरी फेसाचा थर. सुरुवात क्रेमापासून करू, कारण सल्ल्यातली बाकीची वाक्यं अर्धवट चुकलेली आहेत, हे मात्र पार उलटं आहे.

कॉफी भाजताना दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बराचसा आतच अडकून राहतो. एस्प्रेसो मशीन साधारण ९ बार दाबाने गरम पाणी दळलेल्या कॉफीतून ढकलतं. एवढ्या दाबाखाली तो वायू पाण्यात विरघळतो. कपात धार पडली की दाब सुटतो आणि वायू बारीक बुडबुडे होऊन वर येतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. फरक एवढाच की सोड्याचे बुडबुडे लगेच फुटतात आणि कॉफीचे काही वेळ तग धरतात, कारण कॉफीतली प्रथिनं आणि भाजताना बनलेले तपकिरी रंगाचे मोठे रेणू बुडबुड्याभोवती पातळ साल धरतात.

ही साल कोण फोडतं? तेल. तेलकट भांड्यात साबणाचा फेस टिकत नाही, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. कच्च्या अरेबिकात स्निग्धांश साधारण १५ ते १७ टक्के असतो, रोबस्टात १० ते ११ च्या आसपास. म्हणून दोन्ही सारख्याच ताज्या असतील तर जाड आणि टिकाऊ क्रेमा रोबस्टाचा येतो. इटालियन पद्धतीच्या अनेक मिश्रणांत थोडा रोबस्टा घालतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दोन कप शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. रोबस्टाचा थर जाड, गडद, जरा करडेपणाकडे झुकणारा, बुडबुडे मोठे, वर चमचाभर साखर टाकली तर क्षणभर तरंगते आणि मग बुडते. अरेबिकाचा थर पातळ, तांबूस, बुडबुडे इतके बारीक की पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो, पण काही मिनिटांत मधे भोक पडून खालची काळी कॉफी दिसायला लागते. हा दुसरा कप बघून ‘आपल्याला फसवलं’ म्हणणारे भेटतात. फसवलेलं नसतं.

क्रेमा एक गोष्ट मात्र खरी सांगतो: कॉफी किती शिळी आहे. वायू दिवसागणिक निसटत जातो, दळल्यावर तर झपाट्याने. मी एकदा ‘१०० टक्के अरेबिका’ म्हणून घेतलेलं पाकीट फोडलं आणि क्रेमा म्हणून कडेला फक्त एक फिकट रेघ आली. दोष दळण्यात असेल असं वाटून मी दळण बारीक, आणखी बारीक करत गेले. शेवटी मशीनमधून थेंब थेंब पडायला लागले, चव जळकी झाली, क्रेमा तरीही नाहीच. मग पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं तर भाजल्याची तारीखच नव्हती, फक्त ‘वापरण्याची मुदत’ होती. दळण पुन्हा होतं तसं केलं, आठवडाभरापूर्वी भाजलेली अरेबिका टाकली आणि पहिल्याच कपावर तांबूस थर आला.

आणि एक सापळा. नवशिक्यांच्या बऱ्याच मशीनबरोबर दुहेरी तळाची जाळी येते. आतल्या तळाला नेहमीसारखी अनेक छिद्रं, बाहेरच्या तळाला एकच सुईएवढं. त्या एका छिद्रातून कॉफी जोरात फवारली जाते आणि शिळ्या कॉफीवरही फेस येतो. अशा जाळीतून आलेल्या क्रेमावरून अरेबिका, रोबस्टा, ताजी, शिळी, काहीच कळत नाही. (क्रेमाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तो नुसता चमच्याने उचलून चाखावा. कडवट, राखेसारखा लागतो. मी तर ढवळूनच पिते.)

आता कॅफीन. ते ठरतं झाडाच्या जातीवर, भाजणीच्या रंगाने त्यात फारसा बदल होत नाही. अरेबिकाच्या दाण्यात ते वजनाच्या साधारण १.२ टक्के असतं, रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कॅफीन हे झाडाचं किडीविरुद्धचं हत्यार आहे, आणि रोबस्टा उष्ण, सखल भागात वाढतो, जिथे किडी जास्त. कडक भाजल्याने दाण्यातलं पाणी आणि इतर पदार्थ उडून जातात, कॅफीन बहुतेक जागेवर राहतं. पण दाणा हलका होतो आणि फुगतो. त्यामुळे चमच्याने मोजलं तर काळ्या भाजणीत कॅफीन थोडं कमी येतं, वजन करून घेतलं तर किंचित जास्त. हा फरक इतका लहान आहे की त्यासाठी भाजणी निवडण्यात अर्थ नाही. जातीचा फरक मात्र मोठा आहे.

एक हिशोब करून बघू. एस्प्रेसोच्या दुहेरी मापाला १८ ग्रॅम कॉफी धरू. सगळी अरेबिका असेल तर दळलेल्या कॉफीत साधारण २१६ मिलिग्रॅम कॅफीन. ८० टक्के अरेबिका आणि २० टक्के रोबस्टा असेल तर १४.४ ग्रॅममधून १७३ आणि ३.६ ग्रॅममधून ७९, मिळून २५२. सगळा रोबस्टा असेल तर ३९६. कपात यातलं सगळं उतरत नाही, काही भाग चोथ्यात राहतो, पण प्रमाण साधारण हेच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफीन सुरक्षित मानलं (गरोदर स्त्रियांसाठी २००). म्हणजे निव्वळ रोबस्टाचे असे दोन दुहेरी कप घेतले की मर्यादा ओलांडली. मिश्रणातला पाचवा हिस्सा रोबस्टा मात्र एवढा फरक करत नाही, आणि ‘रोबस्टा’ शब्द दिसताच झोप उडेल म्हणून घाबरणाऱ्यांनी हा मधला आकडा बघावा.

कडूपणाचा आरोप अर्धा खरा आहे. रोबस्टा जास्त कडू लागतो, पण सगळं खापर कॅफीनवर फुटतं ते चूक. कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा लहान आहे. मोठा वाटा क्लोरोजेनिक आम्लांचा. भाजताना ती तुटून कडू पदार्थ बनतात, आणि रोबस्टात ही आम्लं मुळातच जास्त असतात. शिवाय त्यात साखर कमी असते. अरेबिकाच्या कच्च्या दाण्यात ती ६ ते ९ टक्के असते, रोबस्टात बहुधा त्याहून बरीच कमी. भाजताना याच साखरेतून गोडसर वास आणि फळांसारखा आंबूसपणा येतो. म्हणून अरेबिका उजळ, सुगंधी लागते आणि रोबस्टा जड, तोंडात भरणारा, कोको, भाजलेले दाणे, लाकूड अशा चवींकडे जाणारा.

पण रोबस्टाला जे ‘रबरासारखा’, ‘ओल्या पोत्यासारखा’ म्हणून हिणवतात, त्यात जातीइतकाच हाताळणीचा दोष असतो. स्वस्त माल म्हणून कच्ची, पिकलेली, सडायला लागलेली फळं एकत्र ओरबाडतात आणि जमिनीवर वाळवतात. ती घाण चव कपात उतरते. फक्त पिकलेली फळं वेचून, गर धुऊन काढून, जमिनीपासून उंचावर वाळवलेला रोबस्टा स्वच्छ लागतो. उलट अरेबिकाही बिघडते. ब्राझीलमध्ये एका विशिष्ट बिघाडाला ‘रिओ’ म्हणतात, त्यात कॉफीला आयोडीनसारखा दवाखान्याचा वास येतो, आणि तो दाणा शंभर टक्के अरेबिकाच असतो.

‘भेसळ’ हा शब्द तर नात्यावरच उठतो. अरेबिका हे झाड निसर्गात जन्मलं ते कॉफिया कॅनेफोरा आणि कॉफिया युजेनिऑइड्स यांच्या संकरातून, आणि रोबस्टा म्हणजे कॅनेफोराच. थोडक्यात, रोबस्टा अरेबिकाच्या आईबापांपैकी एक. मिश्रणात रोबस्टा आहे असं पाकिटावर लिहिलं असेल तर ते मिश्रण. भेसळ तेव्हाच, जेव्हा ‘१०० टक्के अरेबिका’ लिहून आत रोबस्टा घालतात. दाणे अख्खे असतील तर थोडं घरीच तपासता येतं. अरेबिकाचा दाणा लांबट, मधली रेघ नागमोडी. रोबस्टाचा गोलसर, रेघ बरीचशी सरळ. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. एकदोन गोल दाणे अरेबिकातही निघतात, पण पाचात एक तसा दिसला तर शंका घ्यायला जागा आहे. दळलेल्या पुडीत मात्र डोळ्यांनी काहीही कळणार नाही.

राहिली किंमत. अरेबिका महाग असते ती बरीचशी शेतीमुळे: उंचावरचे डोंगरउतार, हाताने वेचणी, झाडामागे कमी उत्पन्न, आणि तांबेरा रोगाला लवकर बळी पडण्याची सवय. पण हा फरक दगडावरची रेघ नाही. अरेबिकाचे जागतिक भाव न्यूयॉर्कमध्ये पौंडामागे सेंटमध्ये ठरतात, रोबस्टाचे लंडनमध्ये टनामागे डॉलरमध्ये, त्यामुळे तुलना करताना आधी एकक जुळवावं लागतं. व्हिएतनाममधल्या दुष्काळानंतर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये रोबस्टा टनामागे ५,००० डॉलरच्या वर गेला, म्हणजे किलोमागे ५ डॉलर. २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिकाने पौंडाला ४ डॉलर ओलांडले, म्हणजे किलोमागे ८.८. ज्या वर्षी रोबस्टाचाच तुटवडा असतो, त्या वर्षी ‘स्वस्तातला’ हे विशेषण फारसं शोभत नाही. आणि कच्च्या मालाचा भाव म्हणजे पाकिटाची किंमत नव्हे. भाजणी, वेष्टन, वाहतूक, दुकान यांचा खर्च दोन्ही जातींना सारखाच लागतो.

मग पाकीट उचलायचं कोणतं? काळी, गाळलेली कॉफी पिणार असाल तर मध्यम भाजणीची अरेबिका, भाजल्याची तारीख छापलेली. एस्प्रेसोत दूध घालणार असाल तर १० ते ३० टक्के रोबस्टा असलेलं मिश्रण करून बघा. दुधात अरेबिकाची नाजूक चव हरवते, रोबस्टाची टिकते. ज्या पाकिटावर नुसतं ‘मिश्रण’ लिहून टक्केवारी दिलेली नसते ते बाजूला ठेवा. आणि अगदी काल भाजलेलीही नको. वायू इतका असतो की क्रेमा फुगून येतो, मोठे बुडबुडे धरतो आणि लगेच बसतो. आठवडाभर थांबा, मग पाकीट फोडा.