ऑराकास्टचा फॉरवर्ड आणि त्यातल्या चार चुका

फिरणारा मेसेज असा आहे:

"ऑराकास्ट म्हणजे एकाच मशीनला शंभर जणांचे इअरबड्स पेअर करणं, त्यामुळे हॉल भरला की आवाज तुटणार म्हणजे तुटणार. तुमच्या इअरबड्सवर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय ना, मग चालणारच. पण पब्लिक जागी जोडू नका, फोनमधला डेटा जातो. आणि श्रवणयंत्रातलं टेलिकॉइल आता भंगार झालं, ते नसलेलंच मशीन घ्या."

हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. ऑराकास्ट म्हणजे एका ट्रान्समीटरचा आवाज ब्लूटूथने हॉलमधल्या कितीही जणांच्या इअरबड्सवर किंवा श्रवणयंत्रांवर पोचवायची सोय.

पहिल्या मुद्द्यावर जरा वेळ घालवतो कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोन आणि हेडफोन यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते, फोन आवाजाचे छोटे तुकडे म्हणजे पॅकेट पाठवतो, हेडफोन म्हणतो मिळालं, नाही म्हणाला तर फोन परत पाठवतो. प्रत्येक हेडफोनशी हे वेगळं करायचं म्हणजे फोनवर खरंच लोड येतो, म्हणून दोन हेडफोनच्या पुढे बहुतेक फोन जातच नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात हेच चित्र असणार. ऑराकास्टमध्ये मिळालं-नाही मिळालं हा प्रकारच नाही. ट्रान्समीटर पॅकेट हवेत सोडतो आणि मोकळा होतो, रेडिओ स्टेशनसारखं. हॉलमध्ये एक माणूस ऐकतोय का हजार, हे त्याला कळतच नाही आणि कळायची सोयही ठेवलेली नाही, त्यामुळे हजारावा माणूस आला म्हणून त्याचं काम एका पॅकेटने पण वाढत नाही.

मग पॅकेट हरवलं तर? ऐकणारा परत पाठव म्हणू शकत नाही, म्हणून ट्रान्समीटर प्रत्येक तुकडा आधीच अनेकदा पाठवून ठेवतो. एक उदाहरण घेऊन बघा. भाषणासाठी जे साधं सेटिंग असतं त्यात आवाज १६ किलोहर्ट्झचा, दर १० मिलिसेकंदाचा एक तुकडा, आणि आवाज दाबून लहान करणारा एलसी३ कोडेक तो तुकडा ४० बाइटमध्ये बसवतो. भरवशाच्या सेटिंगमध्ये तोच तुकडा एकदा आणि वर चार वेळा असा पाच वेळा जातो, आणि दरवेळी वेगळ्या चॅनलवर. आता धरा की तुमच्या खुर्चीवर दर पाचातलं एक पॅकेट हरवतंय, म्हणजे रेडिओची परिस्थिती बरीच वाईट आहे. पाचही प्रती एकदम हरवण्याची शक्यता येते दहा हजारात साधारण तीन. सेकंदाला १०० तुकडे, म्हणजे अर्ध्या मिनिटात एखादा १० मिलिसेकंदाचा खड्डा, आणि तोही बहुतेक वेळा रिसीव्हर आधीच्या तुकड्यांवरून भरून टाकतो. तेच सेटिंग तीन प्रतींचं ठेवलं तर जवळजवळ दर सेकंदाला एक तुकडा जाईल आणि ते कानाला जाणवेल. म्हणजे आवाज तुटणं न तुटणं हे किती जण ऐकतायत यावर नाही, ट्रान्समीटर लावणाऱ्याने किती प्रती ठेवल्यात यावर आहे.

हवेतली जागा कशाने संपते तेही सांगतो. वरच्या सेटिंगचं एक पॅकेट, मागेपुढचे बाइट धरून, २ मेगाबिटच्या स्पीडला साधारण ०.२ मिलिसेकंद घेतं, त्यात पुढच्या पॅकेटआधीचा ०.१५ मिलिसेकंदाचा गॅप धरला की पाच प्रतींना मिळून पावणेदोन मिलिसेकंद. दर १० मधले पावणेदोन, बाकी मोकळं. पण कोणी हौसेने ४८ किलोहर्ट्झचं स्टिरिओ लावलं तर तुकडा १०० बाइटचा होतो, डावा-उजवा दोन प्रवाह, प्रत्येकी पाच प्रती, आणि हिशेब जातो १० मधल्या जवळपास सहा मिलिसेकंदांवर. त्यात वर आणखी दोन भाषांचे प्रवाह टाकले की जागा कमी पडायला लागते. प्रवाह वाढले, क्वालिटी वाढवली की हवा भरते, ऐकणारे वाढून नाही.

आता गर्दीत आवाज तुटतो हा अनुभव लोकांना येतो तो खोटा नाही, फक्त कारण दुसरं आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर माणसाच्या शरीरात शोषली जाते. ट्रान्समीटर टेबलाच्या उंचीवर ठेवला असेल आणि समोर चार रांगा भरल्या तर पाचव्या रांगेतल्याला सिग्नल माणसांच्या मधून शोधत यावं लागतं, वर प्रत्येकाच्या खिशातला फोन आणि त्याचं वायफाय त्याच पट्ट्यात बोलत असतं. आणि ट्रान्समीटरला तुमच्याकडून काहीच परत येत नसल्याने तुमच्या खुर्चीपाशी कुठला चॅनल खराब आहे हे त्याला कळत नाही, तो स्वतःच्या जागेवरून ऐकून अंदाज करतो. कारण ओळखायचं सोपं आहे: आवाज सगळ्यांचा एकदम तुटतोय का तुमच्या एकट्याचा ते शेजाऱ्यांना विचारा. एकट्याचा तुटत असेल आणि उभं राहिलं की सुधारत असेल तर मधे माणसं येतायत, उपाय म्हणजे ट्रान्समीटर वर, छताजवळ. सगळ्यांचा तुटत असेल तर जवळचं वायफाय किंवा प्रवाहांची गर्दी.

पेअरिंगचं पण यातच उरकतो. ट्रान्समीटरशी कोणीच पेअर होत नाही. तो स्वतःची जाहिरात करत असतो, त्यात नाव असतं आणि पुढची माहिती कुठे सापडेल ते असतं, पुढच्या माहितीत कोडेक, भाषा, वेळापत्रक. इअरबडला स्क्रीन नाही म्हणून तुमचा फोन यादी दाखवतो आणि तुम्ही निवडलंत की इअरबडला सांगतो की अमुक वेळेला अमुक ठिकाणी ऐक. आवाज फोनमधून जातच नाही, इअरबड थेट हवेतून घेतो. पेअर असतात ते फक्त तुमचे इअरबड तुमच्याच फोनला.

आता तो ५.३ चा आकडा. यात लोक पैसे घालवतायत म्हणून जास्त राग येतो. ज्या सोयीवर हे सगळं चालतं ती ब्लूटूथ ५.२ मध्ये आली हे बरोबर, पण ऐच्छिक म्हणून आली. कंपनी चिपवर ५.३ किंवा ५.४ छापू शकते आणि यातलं काहीच न देता जुन्याच पद्धतीने आवाज पाठवू शकते, आणि त्यात ती खोटंही बोलत नसते. आकड्याकडे बघू नका, खोक्यावर ऑराकास्ट लिहिलंय का बघा. नुसतं एलई ऑडिओ, म्हणजे ऑराकास्ट ज्यावर उभं आहे ती ब्लूटूथची नवी पद्धत, एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. हातात आलेल्या इअरबडचं खरंखोटं करायचं असेल तर फोनवर nRF Connect हे फुकट अॅप टाका, इअरबडला कनेक्ट करा आणि सर्व्हिसच्या यादीत 0x184F शोधा. ही प्रसारण शोधायला फोनची मदत घेणारी सर्व्हिस, ती दिसली तर हार्डवेअर-सॉफ्टवेअर दोन्ही तयार आहे. नाही दिसली तर आधी कंपनीच्या अॅपमध्ये एलई ऑडिओचं बटण बंद आहे का बघा, बरेच इअरबड ते बंद ठेवूनच येतात आणि चालू केलं की परत पेअर करावे लागतात.

डेटाची भीती. ऐकताना तुमचा इअरबड त्या ट्रान्समीटरला एक बाइटसुद्धा पाठवत नाही, मग फोटो आणि कॉन्टॅक्ट कुठल्या वाटेने जाणार? पण म्हणून सगळं सुरक्षित असंही नाही, धोका उलट्या बाजूला आहे. कोड न लावलेला प्रवाह भिंतीपलीकडे बसलेला माणूसही ऐकू शकतो, बंद खोलीतली मीटिंग असेल तर हे लक्षात ठेवायला हवं. कोड लावला तरी तो जास्तीत जास्त १६ बाइटचा, आणि छोटा ठेवला तर हवेतली पॅकेट रेकॉर्ड करून घरी बसून एकेक कोड टाकून बघता येतो, २०२४ च्या डिसेंबरमध्ये हॅम्बर्गच्या ३८सी३ या हॅकर परिषदेत संशोधकांनी ही पोल उघड केली. म्हणून 1234 छाप कोड ठेवू नका, पूर्ण १६ अक्षरं वापरा. दुसरं म्हणजे नावाला मालकी नाही. कोणीही "मेन हॉल" नावाने स्वतःचा प्रवाह सोडू शकतो आणि यादीत दोन मेन हॉल दिसले तर खरा कोणता हे नावावरून कळत नाही. जागेवर क्यूआर लावलेला असेल तर तो वापरा, त्यात कोणता प्रवाह ते नेमकं असतं. खरा क्यूआर साध्या स्कॅनरने वाचला तर मजकूर असा सुरू होतो:

```
BLUETOOTH:UUID:184F;
```

त्याऐवजी वेबसाइट उघडून काहीतरी इन्स्टॉल करा म्हणत असेल तर तिथेच थांबा.

टेलिकॉइल. हे वाचून कोणी मशीन बदलायला निघालं असेल तर जरा दम धरा. टेलिकॉइल म्हणजे श्रवणयंत्रातलं तारेचं बारीक वेटोळं, ते हॉलमध्ये गाडलेल्या तारेचा म्हणजे लूपचा आवाज पकडतं. लूप चुंबकीय क्षेत्रावर चालतं, त्यात पॅकेट नाहीत, प्रती नाहीत, म्हणून उशीरही जवळपास शून्य. ऑराकास्टमध्ये वरच्या भरवशाच्या सेटिंगला प्रती वेळेत पसरवायला ६० मिलिसेकंदापर्यंत आणि सगळ्यांच्या कानात एकाच क्षणी वाजावं म्हणून ४० असे मिळून १०० मिलिसेकंद सहज जातात. आवाज हवेतून तेवढ्या वेळात ३४ मीटर जातो. म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाला दोन्ही आवाज जुळून येतील, पण स्टेजसमोर बसलेल्या आणि कान मोकळा ठेवणारं श्रवणयंत्र घातलेल्याला वक्त्याचा खरा आवाज आधी आणि मशीनचा नंतर असा दुहेरी ऐकू येईल. प्रती कमी करून उशीर कमी करता येतो, पण मग वरचा तीन प्रतींचा हिशेब आठवा. इथे फुकट काही मिळत नाही.

टेलिकॉइलला फोनही लागत नाही, एक बटण दाबलं की झालं, आणि ज्या वयाच्या लोकांना हे लागतं त्यांच्यातल्या अनेकांना फोनवर यादीतून निवडणं जमणार नाही. लूप ज्या हॉलमध्ये बसलेत ते उद्या उपटले जाणार नाहीत, दोन्ही सिस्टिम बरीच वर्षं शेजारी शेजारी चालतील. ऑराकास्टची जमेची बाजू खरी आहे: तारा गाडायच्या नाहीत, शेजारच्या खोलीचा आवाज आत मिसळत नाही कारण तुम्ही प्रवाह निवडता, एकाच हॉलमध्ये चार भाषा देता येतात. म्हणून नवीन श्रवणयंत्र घेताना दोन्ही असलेलं मागा, आणि विकणारा "ऑराकास्ट रेडी" म्हणाला तर विचारा की आज चालतं का पुढच्या अपडेटनंतर, आणि अपडेटनंतर असेल तर ते घरी बसून होतं का मशीन परत दुकानात न्यावं लागतं.