डीलरचं 'दीड टक्का' आणि बँकेचं लोन: जुनी गाडी घेणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरांसाठी

"डिलिव्हरी करणाऱ्यांनी सेकंड हँड गाडी घेताना बँकेच्या भानगडीत पडू नका, बँक आपल्याला विचारत पण नाही. डीलरकडे आधार-पॅन दिलं की अर्ध्या तासात फायनान्स, व्याज फक्त दीड टक्का, पाहिजे तेव्हा लोन बंद करता येतं, आणि पेपरचं सगळं डीलरच बघतो."

आमच्या नाशिकच्या रायडर ग्रुपवर हा मेसेज गेल्या महिन्यात मला चार वेळा आला, म्हणून एकदाच नीट लिहितो. मी स्वतः साडेतीन वर्षं डिलिव्हरी केलीय, गंगापूर रोड-कॉलेज रोड साइडला, आणि माझ्या मावसभावाने याच पद्धतीने गाडी घेतली त्याचे कागद माझ्याकडे आहेत.

आधी दीड टक्क्याचं बघू कारण सगळा घोळ तिथेच आहे. भावाने 2019 ची स्प्लेंडर घेतली, 58 हजारात सौदा झाला, 13 हजार रोख दिले, 45 हजारांचं फायनान्स, 24 हप्ते. डीलरच्या माणसाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागेच हिशोब करून दाखवला, 45 हजाराचे दीड टक्के म्हणजे महिन्याला 675, गुणिले 24 म्हणजे 16,200, एकूण 61,200, हप्ता 2,550. हिशोब बरोबर आहे, पण बघा काय झालं, हप्ता भरत गेलं की मुद्दल कमी होत जाते ना, तरी व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत 675 च. म्हणजे चोविसाव्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम एका हप्त्याएवढे पैसे राहिलेत आणि व्याज लागतंय पूर्ण 45 हजारावर. याला फ्लॅट रेट म्हणतात. बँक जो रेट सांगते तो रिड्युसिंग असतो, म्हणजे जेवढी मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. भावाचा 18 टक्के वार्षिक फ्लॅट रिड्युसिंगमध्ये काढला तर साधारण साडेएकतीस टक्के येतो. स्वतः करून बघा, एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये हे टाका:

```
=RATE(24,-2550,45000)*12
```

आणि ते पण पूर्ण नाही. फाइल चार्ज, स्टॅम्प, कसला तरी इन्शुरन्स असं करून 3,500 कापले, म्हणजे लोन 45 हजाराचं पण डीलरच्या खात्यात गेले 41,500, उरलेले भावाने खिशातून भरले. वरच्या फॉर्म्युल्यात 45000 च्या जागी 41500 टाका, चाळीसच्या वर जातं. पहिला हप्ता आधीच घेतला असता तर अजून वाढलं असतं.

हे टाळायचं एकच ठिकाण आहे आणि ते सही करायच्या आधीचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, बँक असो की फायनान्स कंपनी. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो ज्यात हे सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर येतो, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. भावाला ते मिळालं होतं, मोबाइलवर लिंक आली होती, त्याने दुकानात उभ्या उभ्या ओटीपी सांगून टाकला आणि लिंक उघडली पण नाही. 'रेट आजच्यापुरता आहे' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, एका आठवड्याच्या वर मुदतीच्या कर्जाला त्या स्टेटमेंटमधल्या अटी कमीत कमी तीन वर्किंग डे चालू ठेवाव्या लागतात. घरी न्या, रात्री निवांत वाचा. एपीआर विचारल्यावर समोरचा माणूस 'हप्ता बघ ना, हप्ता' म्हणायला लागला तर उठा तिथून.

लोन पाहिजे तेव्हा बंद करण्याचं. करता येतं, पण काय भरावं लागतं ते बघा. भावाने बारा हप्ते भरले म्हणजे 30,600 गेले, त्याला वाटलं अर्धं लोन फिटलं. बाकी मुद्दल निघाली जवळपास 26 हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त जातं, आणि त्यावर फोरक्लोजर चार्ज वेगळा. त्याने नाद सोडला.

आता बँकेचं. जुन्या टू-व्हीलरवर लोन बऱ्याच बँका देत नाहीत हे खरंय, मी खोटं बोलणार नाही. पण लोन गाडीवरच घेतलं पाहिजे असं कुठंय? माझ्या सातपूरच्या मित्राने ज्या खात्यात त्याचं दर आठवड्याचं पेआउट यायचं त्याच शाखेत पर्सनल लोन मागितलं. पगाराची स्लिप नव्हती, त्याने अकरा महिन्यांचं स्टेटमेंट आणि अ‍ॅपमधून काढलेली पेआउट शीट दिली, एक जामीनदार दिला. 45 हजार, 16 टक्के रिड्युसिंग, 24 हप्ते, हप्ता 2,203. भावापेक्षा 347 कमी महिन्याला, चोवीस महिन्यात 8,300 च्या वर. घरात थोडं सोनं असेल तर सोनेतारण यापेक्षा पण स्वस्त पडतं. फक्त पेआउट एकाच खात्यात येऊ द्या, आणि सिबिल आधी स्वतः बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

पण मित्राला नऊ दिवस लागले. त्याच्याकडे जुनी गाडी चालू होती म्हणून जमलं. तुमची गाडी आजच बसली आणि रोजचे 600 सुटतात असं धरा, तर नऊ दिवसांत 5,400 तिथेच गेले, बँकेचा फायदा बराचसा त्यातच संपला. अशा वेळी डीलरचं फायनान्स घेतलं तर मी चूक म्हणणार नाही, मुदत मात्र कमी ठेवा आणि डाउन पेमेंट जमेल तेवढं वाढवा. इंजिन धूर सोडायला लागलं की तेव्हाच बँकेत अर्ज टाका, बंद पडायची वाट बघू नका. आणि हप्त्याची तारीख पेआउट जमा होतं त्याच्या एक-दोन दिवस नंतरची मागून घ्या, कारण एक हप्ता बाउन्स झाला की फायनान्सवाला पण कापतो आणि तुमची बँक पण.

पेपरचं तर डीलरवर अजिबात सोडू नका. टोकन द्यायच्या आधी mParivahan वर नंबर टाकून बघा, आधीच्या मालकाचं फायनान्स अजून आरसीवर दिसत असेल तर त्या कंपनीची एनओसी आणि सही केलेला फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, तुमचं फायनान्स चढवायला फॉर्म 34. माझ्या भावाची आरसी चार महिने जुन्या मालकाच्याच नावावर होती, डीलर 'होतंय, होतंय' म्हणायचा, शेवटी आम्हीच पेठ रोडला आरटीओत दोन चकरा मारल्या तेव्हा कळलं की फाइल जमाच केली नव्हती. त्या चार महिन्यांत अपघात झाला असता तर इन्शुरन्स पण जुन्या मालकाच्या नावावर होता. म्हणून आरटीओच्या अर्जाची पावती आणि अ‍ॅप्लिकेशन नंबर डीलरकडून मागून घ्या, त्या नंबरवर स्टेटस घरबसल्या दिसतं.