‘ट्रायल लवकरच संपत आहे’ या मेसेजबद्दल पारोळ्याच्या दुकानदाराला उत्तर

“१४ दिवस फुकट सांगितलं आणि १७ मार्चला ३५२ रुपये ८२ पैसे कापले. मेसेज आला होता, पण कधी आणि किती कापणार ते त्यात नाही. ॲप तर मी ११ तारखेलाच काढून टाकलं होतं. ही सरळ फसवणूक आहे.” (कृषी केंद्र चालक, पारोळा)

नमस्कार भाऊ,

चूक आमच्या मेसेजची आहे. तुमची पूर्ण रक्कम त्याच यूपीआय खात्यावर परत पाठवली आहे.

जुना मेसेज असा होता: “तुमचा ट्रायल लवकरच संपत आहे. अखंड सेवेचा आनंद घ्या!” मराठी एसएमएस ७० अक्षरांचा असतो आणि त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. त्यापुढे गेलं की एकाच मेसेजला दोन-तीन एसएमएसचे पैसे लागतात. ते वाचवायला आम्ही तारीख आणि रक्कमच गाळली. जे सांगायलाच हवं होतं, तेच गेलं.

आता मजकूर असा आहे:

“१७ मार्चला तुमच्या खात्यातून ₹३५२.८२ कापले जातील (₹२९९ + १८% जीएसटी). नको असेल तर १६ मार्च रात्री ११:५९ पर्यंत: ॲप > माझं खातं > प्लॅन > रद्द करा.”

याला तीन एसएमएसचा खर्च येतो, येऊ द्या. ‘१४ दिवस’ हे शब्द त्यात मुद्दाम घातले नाहीत. ३ मार्चला संध्याकाळी सुरू केलेलं ३ पासून मोजलं तर १६ ला संपतं, ४ पासून मोजलं तर १७ ला. तारीख लिहिली की हा घोळच राहत नाही. रक्कमही बँकेच्या पासबुकात दिसेल तीच. आधी स्क्रीनवर २९९ दिसायचे आणि वरचे ५३.८२ नंतर कळायचे. शिवाय आकडा मजकुरात हाताने टाइप केलेला नाही. बँकेकडे जी मागणी जाते तिथूनच तो उचलला जातो, नाहीतर सवलतीचं कूपन वापरलेल्या गिऱ्हाइकाला चुकीची रक्कम गेली असती.

ॲप काढल्यावरही पैसे गेले, कारण ऑटोपेची परवानगी आमच्या ॲपमध्ये नसते, ती तुमच्या यूपीआय ॲपमध्ये आणि बँकेत असते. म्हणून फोनमधून ॲप काढलं असेल, तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन आमच्या नावापुढची परवानगी रद्द करा. हा दुसरा रस्ता एसएमएसमध्ये मावत नाही. तो आता परवानगी देतानाच्याच स्क्रीनवर लिहिला आहे.

मेसेज आता तीन दिवस आधी जातो, म्हणजे तुमच्या बाबतीत १४ मार्चला गेला असता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमान २४ तास आधी सूचना येतेच, पण दुकानाच्या गर्दीत एक दिवस कमी पडतो. आमच्या ॲपमधून रद्द केल्यावर “१७ मार्चला पैसे कापले जाणार नाहीत” असा मेसेज येतो. तो आला नाही, तर रद्द झालेलं नाही असं समजा आणि ११:५९ च्या आत आम्हाला कळवा.